ज्यात कुणाचंच नाव नव्हतं

सईला ते वाक्य आवडलं होतं, हीच सगळ्याची सुरुवात. आवडलं नसतं तर तिने दुसरं कुठलं तरी उचललं असतं आणि दुसऱ्या कुणाचं तरी वाटोळं झालं असतं. पण ते आपल्याला कळलं नसतं, एवढाच फरक.

भिवंडीच्या बाहेर, अंजूरच्या वाटेवर जिथे पूर्वी भाताची खाचरं होती तिथे आता गोडाऊनच्या रांगा आहेत. त्यातल्या एका औषधांच्या गोडाऊनच्या पोटमाळ्यावर सईचं ऑफिस होतं. खाली खोक्यांचे ढीग, वर सात कॉम्प्युटर. मोबाईलच्या ॲपवर लोक औषध शोधत, खालची माणसं ते पॅक करत, आणि लोकांनी काय काय शोधलं त्याची नोंद वर सईकडे येई. सई जुन्या भिवंडीतल्या एका मास्तरांची मुलगी. हुशार, सरळ, आणि आपण सरळ आहोत याचा थोडा अभिमान असलेली. तिला नोकरीला लागून आठ महिने झाले होते.

या ॲपमध्ये एक गंमत होती. टाइप करायचा कंटाळा असेल तर माइकचं बटण दाबून बोलायचं, मशीन ते लिहून घेई. शहरातले लोक बोलत, ‘तापाची गोळी’. संपलं. पण गावातल्या बायका दुकानात गेल्यासारख्या बोलत. आधी आपण कोण ते सांगायचं, कुठून आलो ते सांगायचं, मग दुखणं, मग घरची अडचण, आणि सरतेशेवटी औषध. गावच्या दुकानदाराला सांगावंच लागतं ना, कुणाची सून, कोणत्या आळीतली, नाहीतर तो ओळखून औषध देणार कसा? त्या बटणामागे दुकानदार नाही, सगळं जसंच्या तसं साठवून ठेवणारं यंत्र आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बारीक अक्षरात सांगितलं होतं म्हणे. बारीक अक्षर कोण वाचतं?

वर्षभरात अशी दोन लाखांवर बोलणी जमली, आणि केदार सरांच्या डोक्यात ती भरली. केदार सर म्हणजे तांत्रिक विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, उलट भाषेच्या प्रेमातला होता. मराठी बोललेलं मशीनला नीट कळत नाही, कारण खरं मराठी कुणी त्याला ऐकवतच नाही, असं ते कळवळून सांगत. एका संशोधन संस्थेने स्पर्धा ठेवली होती. देशभरातल्या चमूंनी खऱ्या लोकांची खरी वाक्यं घेऊन मशीनला शिकवायचं. सरांनी आपला साठा देऊ केला आणि फाइल साफ करायचं काम सईवर सोपवलं. साफ म्हणजे नाव काढ, फोन काढ, पत्ता काढ, ग्राहक क्रमांक काढ. झालं.

सईने ते दोन दिवसांत केलं. प्रत्येक ग्राहकाला नवा, चिठ्ठी काढल्यासारखा क्रमांक दिला, आणि जुना क्रमांक कोणता नि नवा कोणता याची यादी नियमाप्रमाणे पुसून टाकली. एका माणसाची सगळी वाक्यं मात्र एकाच नव्या क्रमांकाखाली राहिली, कारण स्पर्धकांना तेच हवं होतं. माणूस आधी काय विचारतो, उत्तर पटलं नाही तर पुन्हा कसं विचारतो, हे त्यावरून कळतं. पिनकोड राहिला, दिवस आणि वेळ राहिली.

मग तिने फाइल एकदा चाळून पाहिली आणि एका क्रमांकापाशी ती थांबली. नाव नव्हतं हे खरं. पण क्रमांक ४०४१७ ची वर्षभराची चौदा वाक्यं खाली खाली वाचत गेलं, की एक बाई समोर उभी राही. तिचं गाव, तिचं घर, तिचा आजार, तिची भीती, सगळं. एकेक वाक्य सुटं असतं तर काहीच कळलं नसतं. एकाच क्रमांकाच्या दोऱ्यात ओवल्यामुळे ती बाई झाली होती.

तिने सरांना सांगून पाहिलं. जी वाक्यं पन्नास तरी वेगवेगळ्या माणसांनी बोलली आहेत तेवढीच ठेवू, एकट्यादुकट्याची काढून टाकू. एका माणसाची वाक्यं एका क्रमांकाखाली नको, दोरा तोडू. तारीख-वेळ नको, पिनकोडही नको. नाहीतर फाइल बाहेर देऊच नका, ज्यांना अभ्यास करायचा आहे त्यांना इथे बसवा. सर हसले. मग उरणार काय, म्हणाले, ‘डोकेदुखीची गोळी’ आणि ‘खोकल्याचं औषध’? लांब, खरी, एकेकट्याची वाक्यं हीच तर स्पर्धेची जान. तेही खोटं नव्हतं. जे कामाचं तेच धोक्याचं होतं.

सई हट्टाला पेटली. म्हणाली, मला बैठकीत दहा मिनिटं द्या, मी दाखवून देते.

बैठकीत पाच जण होते. त्यातला एक हितेश. हितेश अंजूरच्या तुळशीराम शेठचा धाकटा मुलगा. गोडाऊन ज्या जमिनीवर उभं होतं ती त्यांचीच, आणि पोचवणीची सगळी गाडी-माणसं हितेशच्या हाताखाली. त्याला सगळे हितेशशेठ म्हणत. बोलायला मोकळा, सणाला सगळ्यांना जेवायला घालणारा. त्याला आकड्यांत रस नव्हता, तो चहा पीत बसला होता.

सईने काळजी घेतली होती. तिला वाटत होतं, घेतली होती. पडद्यावर ४०४१७ ची सहाच वाक्यं लावली. गावाचं नाव खोडलं, तारखा खोडल्या. एका वाक्यात आळीचा उल्लेख होता तोही खोडला. ही बाई कोण ते तिला स्वतःला माहीत नव्हतं, म्हणून तिने मानलं, की ती कुणालाच कळणार नाही. शिकलेल्या माणसाची ही खास चूक. आपल्याला दिसत नाही म्हणजे अंधार आहे, असं त्याला वाटतं.

आणि सहातलं एक ते, तिला आवडलेलं. दुसऱ्या कुठल्याही क्रमांकाऐवजी हा क्रमांक तिने निवडला तो त्या वाक्यासाठी. तिने ते स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं.

“दिराची वरात खाडीतून होडीवर निघनार हाय, डीजेची लाइट फिरतं, मना लहानपनापासून फिट येतं, होडीत बसली तर चालंल का, रातभर जागरन हाय.”

एक-दोघं हसले. होडीतली वरात, काय थाट आहे, असं कुणीतरी म्हणालं. सईलाही हसू आलं. तिने पुढची वाक्यं वाचली. फिटची गोळी घरी आणू नका, गिरणीपाशी द्या. घरच्यांना सांगितलेलं न्हाय, लग्न ठरवताना पण न्हाय. शेवटचं, गेल्याच महिन्यातलं, दिवस गेलेत, फिटची गोळी चालते का, बाळाला काय होतं का.

मग ती सरांकडे वळून म्हणाली, की बघा, यात कुणाचं नाव नाही, पण जो कुणी ती वरात बघून आला असेल त्याला ही बाई एका वाक्यात सापडेल.

सर टेबलावर रेलले. “ठीक. इथे बसलेल्या कुणाला सापडली?”

सरांनी एकेकाकडे पाहिलं. हितेशशेठ, तुम्ही तर इथलेच, तुम्हाला काही कळलं का? हितेशने कप खाली ठेवला. बशी जरा वाजली.

“न्हाय,” तो म्हणाला. “अशा वराती लय असतात खाडीला.”

बस. सरांनी हात झटकले. स्थानिक माणसालाच ओळखता येत नाही, तर दिल्ली-चेन्नईचे स्पर्धक काय ओळखणार? सईचा मुद्दा सईच्याच पुराव्याने पडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याच संध्याकाळी फाइल गेली, दोन लाख वाक्यांची, चौदाच्या चौदा वाक्यांसह, आणि त्यांत गावाची नावंही तशीच, कारण ग्राहक स्वतः तोंडाने बोलला ते खोडायचं असं कुठल्याच नियमात नव्हतं.

सईला राग आला, मग थोडं हायसंही वाटलं, हे ती पुढे कधी कुणाला सांगणार नव्हती. आपण सांगायचं ते सांगितलं. आता जबाबदारी सरांची. माणूस असा स्वतःला सोडवून घेतो आणि जेवायला बसतो.

पुढचे दोन दिवस हितेश आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो कुणाशी बोलला नाही. सईला त्यात काही वाटलं नाही. तिला कळलं ते बैठकीनंतर बारा दिवसांनी, तेही डबा खाताना. खाली पॅकिंगवर देखरेख करणारी विनिता अंजूरचीच. भाकरी मोडता मोडता ती सांगत होती, की तुळशीराम शेठच्या घरात मोठा तमाशा झाला. थोरल्या देवेशची बायको करिष्मा, पडघ्याची पोर. तिला फिट येते म्हणे, आणि माहेरच्यांनी लपवून लग्न लावलं. सासूने कपाट उलटं केलं, तांदळाच्या डब्यातून गोळ्या काढल्या आणि उकिरड्यावर टाकल्या. पोरीला त्याच दिवशी गाडीत घालून पडघ्याला सोडलं. पोटुशी असताना.

सईने विचारलं, घरच्यांना कळलं कसं?

“काय माहीत मॅडम. कोनीतरी हितेशशेठला सांगितला म्हनतात.”

“हितेशशेठचं लग्न कधी झालं?”

“तुमी नव्हत्या तवा. गेल्या उन्हाळ्यात.” विनिताचा चेहरा खुलला. “आख्ख्या खाडीला तशी वरात झाली न्हाय मॅडम. होडीतून काढली होती.”

सई उठली. डबा तसाच उघडा राहिला.

हितेश गोडाऊनच्या मागच्या दारात टेम्पो भरून घेत होता. तिला बघून त्याने माणसांना लांब पाठवलं, म्हणजे ती का आली ते त्याला कळलं होतं. तिने विचारलं, तुम्ही ओळखलं होतं, मग बैठकीत नाही का म्हणालात?

त्याच्या डोळ्यांत राग होता, आणि लाजही. लाजेचा राग सगळ्यात वाईट.

“घरची गोष्ट मीटिंगमधी सांगू? माझीच वरात तुमी परद्यावर लावली मॅडम, आनि सगली हसली. मी काय बोलनार होतो तिथं, की ही आमची वैनी हाय?”

“मग घरी तरी कशाला सांगितलंत?”

“दीड वरीस ती आमचे घरात खोटं बोलली. भावापासून लपवलान.” त्याने टेम्पोची कडी खाडकन लावली. “आनि तुमी मना विचारताव? मी कुनाच्या मोबाईलमधी न्हाय बघितला. तुमी दाखवलात.”

सईला खूप काही बोलायचं होतं. फिट येणं हा गुन्हा नाही, त्या गोळ्या घेऊन बाई तुमच्या घरात राबत होती, तुमच्याच वरातीत तुमचा थाट बिघडू नये म्हणून जीव मुठीत धरून बसली होती. पण ज्याने दिवा लावून चोराला वाट दाखवली त्याने चोरीवर प्रवचन द्यायचं नसतं. ती परत फिरली.

केदार सरांना तिने सगळं सांगितलं. सर पांढरे पडले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. त्यांनी तिच्यादेखत संस्थेला पत्र लिहिलं, फाइल काढून घ्या. तासाभरात उत्तर आलं. साइटवरून काढली आहे. तोवर एकतीस चमूंनी ती उतरवून घेतली होती, त्यांनाही पुसायची विनंती करत आहोत. विनंती. वरातीमागून घोडं म्हणतात, इथे तर वरात होडीने गेली होती आणि काठावर घोडंही नव्हतं. सर पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, की आपण ग्राहक क्रमांक तर काढले होते ना? क्रमांक काढले होते. बाई ठेवली होती.

सगळे खाली उतरले तेव्हा सई एकटी मशीनसमोर बसली. करिष्मा ठीक आहे का, एवढंच तिला हवं होतं. पण विचारणार कुणाला? ४०४१७ म्हणजे कोणता ग्राहक, ती यादी तिने स्वतःच्या हाताने पुसली होती, आणि पुसल्याचं प्रमाणपत्रही सही करून दिलं होतं. तिने मूळ नोंदी उघडल्या. खोकं भरून कागद असावेत आणि त्यातून आपलं पत्र शोधावं तसं तिने त्यांत एकच शब्द टाकला, होडी.

चार मिनिटं लागली. पुसलेल्या यादीची गरजच पडली नाही. फोन नंबर, पत्ता, नाव, करिष्मा देवेश, अंजूर. जे काम अशक्य करून ठेवल्याची तिने सही दिली होती ते चहा निवायच्या आत झालं होतं.

खाली नवी नोंद होती, कालची. पिनकोड पडघ्याचा.

‘फिटची गोली अकरा दिस झालं न्हाय घेतली, दोनदा फिट आली, तिसरा महिना हाय, आता परत चालू केली तर चालंल का, आई डाक्तरकडं नेत न्हाय, लोकाना समजंल म्हनतं.’

आणि त्याखाली मशीनचं उत्तर, तेही नोंदीत होतं. क्षमस्व, या नावाचं औषध आढळलं नाही.

सईने फोन उचलला. हे नियमात बसत नव्हतं. नियमात बसून जे झालं ते तिने बघितलं होतं. घंटी बराच वेळ वाजली, मग कुणीतरी उचलला. बाईचा आवाज, जड, जीभ चावली गेल्यावर शब्द जाड होतात तसा.

सईने आपलं नाव सांगितलं नाही. तिने एका दमात सांगून टाकलं, की ती गोळी अशी अचानक बंद करणं धोक्याचं असतं, तुम्हालाही आणि बाळालाही. पुन्हा चालू कशी करायची, किती, हे डॉक्टरच ठरवतील, म्हणून आजच्या आज डॉक्टरकडे जा. पडघ्यात नको वाटलं तर ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात जा, तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. गाडी मी पाठवते. पुन्हा फिट आली आणि थांबली नाही तर एकशे आठला फोन करा. आईला सांगा, आईला मी समजावते.

मागे कुठेतरी नळ वाहत होता. मग तो जाड आवाज आला, हळू, घाबरलेला.

“मी तं कोनालाच न्हाय बोलली. तुमाला ह्या सगला कोनी सांगितला?”

सईने तोंड उघडलं. खरं उत्तर एकच होतं, तुम्हीच. ते तिला बोलवेना. मागचा नळ कुणीतरी बंद केला, आणि करिष्माने पुन्हा तेच विचारलं.